२६० मिलिमीटर पाऊस पडूनही बरडीचा बगीचा तहानलेला: एका संत्रा बागेची प्लॉटवार, आठवडेवार पाणीनोंद

काटोल तालुक्यात माझ्या मामाजींची सात एकर संत्रा आहे. मी नागपुरात हिशोबाचं काम करतो आणि महिन्यातून दोन रविवार तिकडे जातो. ऑगस्टच्या शेवटी गेलो तेव्हा टेकडीकडच्या बरडीच्या प्लॉटमध्ये झाडाखाली आंबिया बहाराची हिरवी फळं पडलेली होती, एकेका झाडाखाली वीस-पंचवीस. विहिरीजवळच्या प्लॉटमध्ये फळगळ जवळजवळ नव्हती, पण सहा झाडांच्या बुंध्याला जमिनीलगत डिंक आला होता. मामाजींचं म्हणणं सरळ होतं: "तिन्ही प्लॉटले सारखंच पाणी देतो ना बाबू, अन् पाऊसही झालाच. मंग हे गळून काहून राहिलं?"

त्यांच्याकडे वही होती, आणि तेच या प्रकरणाचं भाग्य. मोटर केव्हा सुरू केली, केव्हा बंद केली, कोणता व्हॉल उघडा होता आणि सकाळी पर्जन्यमापकात किती पाणी भरलं, हे सालदार जून महिन्यापासून रोज लिहीत होता. एवढं लिहिणारी बाग आमच्या भागात क्वचित सापडते. पण वहीतून उत्तर निघत नव्हतं, कारण ती तारखेप्रमाणे होती आणि प्रश्न प्लॉटचा होता.

आधी शेताची मांडणी सांगतो. विहिरीजवळचा प्लॉट दोन एकर, २२० झाडं, काळी भारी जमीन. मधला तीन एकर, ३३० झाडं, मध्यम जमीन. बरडीचा दोन एकर, २२० झाडं, वर दीड फूट माती आणि खाली मुरूम. सगळी झाडं आठ वर्षांची, सहा बाय सहा मीटरवर. पाणी ठिबकने, प्रत्येक झाडाला तासाला आठ लिटरचे चार ड्रीपर. विहिरीवर पाच एचपीची मोटर, एका वेळी एकच व्हॉल उघडायचा.

मी पहिल्यांदा केली ती बेरीज अगदी सोपी होती. २३ जुलै ते २ सप्टेंबर या ४२ दिवसांत शेतावर २६० मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे दिवसाला सहा मिलिमीटरहून जास्त. ऑगस्टमध्ये ढगाळ-उघडीप हवेत या वयाच्या झाडाला दिवसाला साधारण तीन मिलिमीटर पुरतात, असं धरून आम्ही हिशोब केला. त्या बेरजेप्रमाणे झाडाला गरजेच्या दुप्पट पाणी मिळालं होतं. खाली पडलेली फळं मात्र दुसरंच सांगत होती.

मग वही संगणकावर चढवली आणि आठवडे पाडले. आठवडा सोमवार ते रविवार असा न धरता हवामानखात्याचा प्रमाण आठवडा घेतला. १ ते ७ जानेवारी हा पहिला, आणि तसेच पुढे ५२ पर्यंत. यात फायदा हा की पुढच्या वर्षीचा ३२ वा आठवडाही ६ ते १२ ऑगस्टच राहतो, त्यामुळे दोन हंगाम शेजारी ठेवून पाहता येतात. सूत्र एवढंच:

```
=MIN(52, INT((A2-DATE(YEAR(A2),1,1))/7)+1)
```

लीप वर्षात फेब्रुवारीनंतर हे एक दिवस पुढे सरकतं, कारण त्या वर्षी नवव्या आठवड्यात आठ दिवस धरतात. तेवढी दुरुस्ती हाताने करावी.

वहीत दोन अडचणी होत्या. एक रात्रीच्या लाईनची. शेतीची लाईन काही दिवस रात्री दहाला येते आणि सकाळी सहाला जाते. सुरू २२:००, बंद ०४:०० अशी नोंद साधी वजाबाकी केली तर उणे अठरा तास दाखवते. `=MOD(D2-C2,1)*24` लिहिलं की बरोबर सहा येतात. तारीख आम्ही मोटर सुरू झाली त्या दिवसाचीच ठेवली, नाहीतर एकच पाळी दोन आठवड्यांत तुटते.

दुसरी अडचण रिकाम्या जागेची, आणि ती जास्त फसवी आहे. पोळ्याच्या दोन दिवसांत पर्जन्यमापक कोणी पाहिलाच नव्हता, वहीत जागा कोरी. संगणक कोऱ्या जागेची बेरीज शून्यच करतो, म्हणजे 'पाऊस नाही' आणि 'पाहिलं नाही' एकसारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक आठवड्यापुढे किती दिवसांची नोंद आहे हे मोजणारा एक रकाना घातला. सातपेक्षा कमी दिसलं की थांबायचं आणि विचारायचं. इथे सालदाराने तिसऱ्या दिवशी ४ मिलिमीटर लिहिले होते. ते तीन दिवसांचं साचलेलं पाणी होतं, त्यामुळे आठवड्याचा आकडा टिकला. पण जिथे साचलेलं ओतून दिलेलं असेल आणि लिहिलेलं नसेल, तो आठवडा हिशोबातून काढणंच बरं.

एवढं झाल्यावर प्लॉटवार तास काढले. ३३ व्या आणि ३४ व्या आठवड्यात मधल्या आणि बरडीच्या प्लॉटला आठ-आठ तास, विहिरीजवळच्याला नऊ आणि आठ. मामाजी खोटं बोलत नव्हते. तास जवळजवळ सारखेच होते.

इथे मी थांबलो असतो तर सगळं चुकलं असतं. तास म्हणजे पाणी नव्हे. रविवारी सकाळी आम्ही प्रत्येक प्लॉटमध्ये बारा-बारा ड्रीपर निवडले, ओळीच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे, आणि खाली वाटी धरून एक-एक मिनिट पाणी मोजलं. आठ लिटरच्या ड्रीपरमधून मिनिटाला १३३ मिलिलिटर पडायला हवं. विहिरीजवळ सरासरी १३५ पडलं, मधल्यात १२५. बरडीत वाटी भरता भरेना. तिथली सरासरी ८० निघाली आणि ओळीच्या टोकाचे दोन ड्रीपर नुसते ओले होते.

सबमेनच्या तोंडाशी दाब मोजला तेव्हा कारण कळलं. विहिरीजवळ १.२ किलो, बरडीत फक्त ०.५. बरडीचा प्लॉट विहिरीपेक्षा चारेक मीटर उंच आहे, तिथेच ०.४ किलो जातो. उरलेला लांब पाइपात. साध्या ड्रीपरमधलं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं. त्या हिशोबाने ०.५ किलोला साधारण ८७ मिलिलिटर पडायला हवेत. ८७ आणि ८० मधला फरक क्षार बसल्याचा. म्हणजे बहुतेक तूट उंचीमुळे आणि पाइपामुळे होती, क्षारामुळे थोडीच. हे वेगळं करून पाहिलं नसतं तर आम्ही आम्लाची प्रक्रिया करून निश्चिंत झालो असतो आणि पाणी होतं तिथेच राहिलं असतं.

आता तासांना लिटरमध्ये बदलता आलं. एका झाडाला तासाला विहिरीजवळ ३२.४ लिटर, मधल्यात ३०, बरडीत १९.२. गोषवारा काढायला एकच सूत्र पुरलं. त्यात `olit` हे नोंदींचं पान आहे, B मध्ये प्लॉट, E मध्ये आठवडा, F मध्ये झाडामागे लिटर:

```
=SUMIFS(olit!F:F, olit!B:B, B$1, olit!E:E, $A2)
```

आणि हे निघालं. पाऊस मिलिमीटरमध्ये, ओलीत झाडामागे लिटरमध्ये:

| आठवडा | पाऊस | विहिरीजवळ | मधला | बरड |
|---|---|---|---|---|
| ३० (२३–२९ जुलै) | ११८ | ० | ० | ० |
| ३१ (३० जुलै–५ ऑगस्ट) | ६४ | ० | ० | ० |
| ३२ (६–१२ ऑगस्ट) | ३ | १९४ | १२० | ५८ |
| ३३ (१३–१९ ऑगस्ट) | ० | २९२ | २४० | १५४ |
| ३४ (२०–२६ ऑगस्ट) | ४ | २५९ | २४० | १५४ |
| ३५ (२७ ऑगस्ट–२ सप्टेंबर) | ७१ | ० | ० | ० |
| एकूण | २६० | ७४५ | ६०० | ३६६ |

मामाजींनी हा कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. 'सारखंच पाणी' म्हणतात त्यात बरडीला विहिरीजवळच्याच्या निम्मंही पोचलं नव्हतं.

पण हा झाला पाणी देण्याचा हिशोब. वापर योग्य होता की नाही हे ठरवायचं तर जमिनीत किती राहिलं ते पाहावं लागतं, आणि पावसाच्या रकान्याची खरी गडबड इथे आहे. ६४ मिलिमीटरपैकी ५८ एका रात्रीत, ३० जुलैला पडले. त्याच्या आधीच्या आठवड्यात झडी लागून जमीन तुडुंब झालेली होती. बरडीतलं ते ५८ मिलिमीटर पाणी उतारावरून नाल्यात गेलं. वहीत ते पाऊस म्हणून नोंदलं आहे, झाडाच्या दृष्टीने ते पडलंच नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक प्लॉटकडे एक भांडं म्हणून पाहिलं. दोन झाडांच्या मध्ये खड्डा खोदून मातीची खोली पाहिली. बरडीत दीड फुटाखाली मुरूम लागला, विहिरीजवळ तीन फुटांपर्यंत काळी माती. अशा मुरमाड मातीत मुळांना उपसता येईल असं पाणी साधारण ४० मिलिमीटर मावतं, भारी काळ्या तीन फुटांत १७० च्या आसपास. त्यातलं निम्मं संपेपर्यंत झाडाला फारसा त्रास होत नाही, त्यापुढे ताण सुरू होतो. म्हणजे वापरायला बरडीत २० मिलिमीटर, विहिरीजवळ ८५. दिवसाला तीन मिलिमीटर जातात. बरडीचं भांडं एका आठवड्यात तळाला लागतं, विहिरीजवळचं चार आठवडे पुरतं. तोच पाऊस, तीच रात्र, पण पुढच्या खंडात एका प्लॉटची शिदोरी सात दिवसांची आणि दुसऱ्याची अठ्ठावीस दिवसांची.

पाऊस मिलिमीटरमध्ये आणि ठिबक लिटरमध्ये असल्याने दोन्ही एका मापात आणावे लागतात. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. या झाडांची सावली साडेबारा चौरस मीटरची आहे, तेवढीच जागा आम्ही धरली. झाडाच्या वाट्याची जमीन ३६ चौरस मीटर आहे म्हणून ६४ मिलिमीटरचे तेवीसशे लिटर प्रत्येक झाडाला मिळाले असं मांडणारे मी पाहिले आहेत. तो आकडा कागदावर मोठा दिसतो, पण आठ वर्षांच्या झाडाची बहुतेक मुळं सावलीखालीच असतात.

आता बरडीचा हिशोब दिवस धरून चालवू. ३० जुलैच्या रात्री भांडं भरलं. ३१ पासून रोज तीन उणे, २ ऑगस्टला सहा मिलिमीटरची सर. ५ ऑगस्टला आठ मिलिमीटर शिल्लक. ३२ व्या आठवड्यात गरज २१ ची. तीन मिलिमीटरची भुरभुर पानं आणि वरची माती ओली करून उडून जाते, ती आम्ही धरली नाही. ठिबकचे ५८ लिटर म्हणजे साडेचार मिलिमीटर. आठवडा संपेपर्यंत आठेक मिलिमीटरची तूट. पुढच्या दोन्ही आठवड्यांत गरज २१, मिळाले बारा-सव्वाबारा, म्हणजे प्रत्येकी आणखी पावणेनऊची तूट. साधारण १० ऑगस्टपासून २८ तारखेला पाऊस येईपर्यंत त्या झाडांनी ताणावर दिवस काढले, आणि तोही फळ भरण्याच्या काळात. मग एकदम ७१ मिलिमीटरचा आठवडा आला. काही फळं तडकली, ती या अचानक बदलामुळे.

विहिरीजवळचा हिशोब ऐकून मामाजी जास्त अस्वस्थ झाले. ३१ जुलै ते २६ ऑगस्ट हे २७ दिवस, गरज ८१ मिलिमीटर, त्यातले सहा सरीने भागले. उरले ७५, आणि भांड्यात होते ८५. म्हणजे त्या प्लॉटला त्या खंडात ठिबकची गरजच नव्हती. तरी झाडामागे ७४५ लिटर गेले, २२० झाडांना मिळून एक लाख ६४ हजार. बरडीची सगळी तूट भरायला सत्तर-बाहत्तर हजार लिटर पुरले असते. पाणी होतं, मोटर चालली होती, लाईनही होती. फक्त चुकीचा व्हॉल उघडा होता.

मधल्या प्लॉटला दोन फूट माती आहे. तिथे गरजेपेक्षा थोडं जास्त गेलं, पण ते चालण्यासारखं होतं.

चूक कशी झाली हेही वहीतच होतं. ३२ व्या आठवड्यात लाईन रात्रीची होती. विहिरीजवळचा व्हॉल मोटरीपासून वीस पावलांवर, बरडीचा अर्ध्या किलोमीटरवर आणि वाटेत चिखल. सालदाराने जवळचा उघडला आणि पहाटे लाईन जायच्या आधी बरडीला जेमतेम तीन तास मिळाले. अंधारात, सापाच्या दिवसांत, मी त्याच्या जागी असतो तर वेगळं केलं नसतं. त्यातच त्या आठवड्यात महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २२ मिलिमीटर नोंदले गेले होते आणि मामाजींनी तोच आकडा मनात धरला. ते मापक शेतापासून बारा किलोमीटरवर आहे. आमच्या शेतातल्या मापकात तीन होते. ऑगस्टची सर एका शिवारात पडते आणि दुसऱ्यात धूळ उडते, हे कास्तकाराला ठाऊक असतं, पण छापलेल्या आकड्यासमोर ते विसरायला होतं.

फळगळीचं सगळं खापर पाण्यावर फोडायचं नाही, म्हणून दहा झाडांखालची पडलेली फळं उचलून पाहिली. रस शोषणाऱ्या पतंगाने टोचलेल्या फळावर टाचणीएवढं छिद्र असतं आणि भोवती सड पसरते. बुरशीची गळ देठाकडून काळी पडत येते. बरडीतल्या बहुतेक फळांवर यातलं काहीच नव्हतं. ती लहान, कडक आणि निर्मळ होती. विहिरीजवळच्या डिंक्याबद्दल मी एवढंच म्हणेन की ती बुरशी ओल्या बुंध्यावर जोर धरते, आणि तिथे गरज नसताना तीन आठवडे ओल टिकवली आम्हीच. तिथल्या नळ्या बुंध्यापासून सरकवून तीन फुटांवर नेल्या आणि झाडं खरवडून बोर्डो पेस्ट लावली.

या पद्धतीची मर्यादाही मामाजींना त्याच दिवशी सांगितली. दिवसाला तीन मिलिमीटर हा ऑगस्टचा अंदाज आहे. ऑक्टोबरच्या उन्हात तो चारच्या वर जातो आणि मे महिन्यात कुठल्या कुठे. भांड्याचा आकडा एका खड्ड्यावरून काढलेला आहे, दोन एकरांत माती सगळीकडे सारखी नसते. म्हणून कागद 'पाणी नको' म्हणाला तरी व्हॉल बंद ठेवण्याआधी फावड्याने वीतभर खोल माती काढून मुठीत दाबायची. लाडूसारखी बांधली गेली आणि हाताला ओल लागली तर थांबायचं. बांधली न जाता चुरली तर कागद चुकला असं समजायचं.

सप्टेंबरमध्ये फिल्टर धुतला, बरडीच्या नळ्या टोकाकडून उघडून पाणी सोडलं आणि आम्लाची प्रक्रिया केली. पुन्हा वाटी धरली तेव्हा ८७ भरले, दाबाच्या हिशोबाने जेवढे यायला हवे होते तेवढेच. त्याहून जास्त मिळणार नाही हे मान्य करून तास वाढवले. खंडात बरडीला आठवड्याला साडेबारा तास, पण एका दमात नाही. उथळ मातीत सलग बारा तास सोडलं तर पाणी मुरमात उतरून जातं. म्हणून तीन तासांहून जरा जास्त अशा चार पाळ्या, आणि रात्रीची लाईन असली तर पहिला व्हॉल बरडीचा, तोही उजेड असताना संध्याकाळीच उघडून ठेवायचा.

वहीत आता डाव्या पानावर तीन प्लॉटचे तीन रकाने आहेत आणि उजव्या पानावर रोजची शिल्लक. २८ सप्टेंबरला पावसाने तिन्ही भांडी भरली. ऑक्टोबरच्या तिसऱ्याच दिवशी बरडीचं ओलीत सुरू झालं. विहिरीजवळचा प्लॉट मात्र १८ तारखेपर्यंत कोरडा ठेवला. मधे दोनदा मामाजींचा फोन आला, "पानं जरा सुस्त दिसून राहिली, सोडू का?" दोन्ही वेळा मी फावडं घ्यायला सांगितलं. पहिल्यांदा माती मुठीत बांधली गेली. दुसऱ्यांदा, १८ ला सकाळी, ती चुरली, आणि वहीतली शिल्लक त्या दिवशी सात मिलिमीटर होती.